बेरियमची हाफ-लाइफ ३ मिनिटं येतेय? या चुका टाळा

एमएससीच्या लॅबमध्ये सिझियम-बेरियम जनरेटरचा प्रयोग असतो ना, छोट्या डबीतून दोन-चार थेंब काढायचे आणि जीएम काउंटरखाली ठेवून दर मिनिटाला रीडिंग घ्यायचं, त्यात दरवर्षी निम्म्या जर्नल्समध्ये हाफ-लाइफ ३ मिनिटांच्या आसपास येते. खरं उत्तर २.५५ मिनिटं आहे. मग पोरं काउंटर खराब आहे म्हणतात, पण काउंटर बहुतेक वेळा बरोबरच असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅकग्राउंड वजा न करणं. समजा सोर्स नसताना काउंटर मिनिटाला ३० दाखवतो, आणि थेंब ठेवल्यावर पहिलं रीडिंग ९९० आलं. १०.२ मिनिटांनी, म्हणजे बरोबर चार हाफ-लाइफ झाल्यावर, रीडिंग ९० येतं. (आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून गोल घेतलेत.) आता हे तसंच फॉर्म्युल्यात टाकलं तर

```
λ = ln(990/90) / 10.2 = 0.235 प्रति मिनिट
T = 0.693 / λ = 2.95 मिनिट
```

आणि दोन्हीतून ३० वजा केले तर ९६० आणि ६० उरतात, गुणोत्तर बरोबर १६, म्हणजे चार वेळा निम्मं, आणि उत्तर २.५५. बघा, ९९० मधले ३० गेले काय आणि राहिले काय, फारसा फरक पडत नाही, पण ९० मधले ३० म्हणजे एक तृतीयांश! क्षय होतो तो फक्त बेरियमचा, बॅकग्राउंड तिथेच बसून राहतं, म्हणून ग्राफचं शेपूट वर उचललं जातं. सेमीलॉग ग्राफवर रेषा सुरुवातीला सरळ आणि शेवटी आडवी व्हायला लागली की समजायचं हेच झालंय.

बॅकग्राउंडसुद्धा एकच मिनिट मोजू नका. ३० काउंट्समध्ये वर्गमुळाएवढी, म्हणजे साडेपाचाची चूक धरावी लागते. दहा मिनिटं मोजलंत तर साधारण ३०० येतील, त्यात चूक १७ ची, म्हणजे मिनिटाला जेमतेम १.७.

बॅकग्राउंड वजा करूनही शेपूट वरच राहिलं तर? मग थेंबात थोडं सिझियम उतरलंय. तपासायची पद्धत सोपी आहे, अर्धा तास थांबा आणि परत मोजा. तोवर जवळपास १२ हाफ-लाइफ झालेल्या असतात, ९६० चं अर्धं काउंटसुद्धा उरलेलं नसतं, त्यामुळे बॅकग्राउंडच्या स्पष्ट वर जे दिसेल ते सिझियमचं, त्याची हाफ-लाइफ ३० वर्षं, ते कमी व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही. हे उरलेलं रीडिंगच (बॅकग्राउंड त्यातच आलं) सगळ्या रीडिंगमधून वजा करायचं.

उत्तर ५.९ च्या आसपास येत असेल तर मात्र कारण वेगळं, तुम्ही log10 घेऊन २.३०३ विसरलात.

आता अल्फा-बीटा-गामावाली गडबड. व्हायवात विचारलं की गामा कोण देतं, तर उत्तर येतं सिझियम. सिझियम-१३७ बीटा सोडतं, त्यात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो म्हणून अणुक्रमांक ५५ चा ५६ होतो आणि वस्तुमानांक १३७ च राहतो. बहुतेक वेळा तयार होणारं बेरियम उत्तेजित अवस्थेत असतं, आणि ६६२ केईव्हीचा गामा ते सोडतं. गामा सुटल्यावर दोन्ही अंक जसेच्या तसे, फक्त ऊर्जा कमी झालेली. अल्फामध्ये मात्र अणुक्रमांक २ ने आणि वस्तुमानांक ४ ने उतरतो, आणि या साखळीत अल्फा कुठेच नाही, तरी जर्नलमध्ये "कागदाने अल्फा अडवला" असं वाचलंय मी!

अजून एक गोष्ट पोरांना खरंच गोंधळात टाकते. थेंबावर दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला की काउंट बऱ्यापैकी पडतात, आणि मग लिहितात की गामा ॲल्युमिनियमने अडतो. नाही हो. साधारण दहातल्या एका बेरियमच्या बाबतीत ती ऊर्जा गामा म्हणून बाहेर न पडता त्याच अणूच्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, यालाच इंटर्नल कन्व्हर्जन म्हणतात. पातळ खिडकीचा जीएम आत शिरलेला इलेक्ट्रॉन जवळपास हमखास पकडतो पण गामा शंभरात एखादाच, म्हणून संख्येने कमी असूनही इलेक्ट्रॉन रीडिंगमध्ये उठून दिसतात, आणि पत्रा अडवतो तो त्यांनाच. गामा निम्मा करायला शिसंच लागतं, या ऊर्जेला साधारण ६ मिलिमीटर.

पुन्हा थेंब काढायचे असतील तर लगेच काढू नका, डबीत बेरियम परत तयार होतं तेही याच २.५५ मिनिटांच्या हिशोबाने, दहा मिनिटांत ९० टक्क्यांच्या वर भरतं.