घाईची लग्नाची ऑर्डर: नाही कधी म्हणायचं आणि कसं

ज्यांना अस्तराचा ब्लाऊज नीट शिवता येतो, मुंढा आणि बाहीचा गोल जुळवता येतो आणि आता घरी गिऱ्हाईक यायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कटिंग शिकवणाऱ्या क्लासमध्ये कॅलेंडर कुणी शिकवत नाही, आणि लग्नसराईत नाव जातं ते बहुतेक वेळा कॅलेंडरमुळे. तुळशीचं लग्न झालं की दारात पिशव्या येऊ लागतात. त्या बघितल्या की आजही माझा हात आधी वहीकडे जातो.

साताऱ्याच्या एखाद्या पेठेत, घरच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेल्या एक ताई डोळ्यांसमोर आणा. हात चांगला, फिटिंग चांगलं. मागच्या सराईत त्यांनी चार दिवसांत सात ब्लाऊज द्यायचं कबूल केलं होतं. हिशोब असा केला होता: साधा अस्तराचा ब्लाऊज तीन तासांचा, सात म्हणजे एकवीस तास, दिवसाला सहा तास मशीनवर बसलं तर चार दिवसांत आरामात. बेरीज बरोबर होती. तरीही ऑर्डर फसली.

फसली ती इथे. तीन तास हे हातांचे तास आहेत. ब्लाऊजला त्याशिवाय थांबण्याचा वेळ लागतो, आणि तो कुणाच्याही मेहनतीने कमी होत नाही. सुती अस्तर कापण्याआधी साध्या पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कापायचं. यात तुमचा हात अर्धा तास लागतो, पण कॅलेंडरवरचा एक दिवस जातो, ढगाळ हवा असेल तर दोन. मग कच्ची शिलाई घालून ट्रायल. नवरी खरेदीला बाहेर असते, ती आज येईल असं सांगून उद्या संध्याकाळी येते. म्हणजे आणखी एक दिवस गेला. ट्रायलनंतरची दुरुस्ती, हातशिलाई, हूक, शेवटची इस्त्री धरून आणखी एक. तीन तासांच्या ब्लाऊजला असे चार-पाच दिवस लागतात. एकाच वेळी सात ब्लाऊज या रांगेत उभे करता येतात, हे खरं, पण रांगेतली एकही पायरी गाळता येत नाही.

ताईंनी दोन पायऱ्या गाळल्या: अस्तर भिजवलं नाही आणि ट्रायल घेतली नाही. पिवळ्या रेशमी ब्लाऊजला मरून काठाशी जुळणारं मरून अस्तर लावलं होतं. भिजवलं असतं तर बादलीतलं पाणी लाल झालेलं दिसलं असतं आणि अस्तर बदलता आलं असतं. ते दिसलं लग्नाच्या दिवशी, घाम आल्यावर, काखेखाली. पिवळ्या रेशमावर उतरलेला तो रंग नंतर निघत नाही. न भिजवलेल्या अस्तराचा दुसरा दोष उशिरा कळतो: पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आहे तेवढंच राहतं, आणि छातीखाली व पाठीवर बारीक चुण्या पडतात. गिऱ्हाईक समजतं की शिलाई ओढली गेली.

दुसरा ब्लाऊज पैठणीचा होता. छातीत अर्धा इंच घट्ट झाला. मार्जिन होतं, ताईंनी बाजू उसवल्या आणि सैल केला. पण सुती कापडावर सुईची भोकं धुतल्यावर बुजतात, तशी रेशमावर बुजत नाहीत. जुन्या शिलाईची रेघ काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना दिसत राहिली. म्हणून रेशमावर पहिली शिलाई कधीच मापाच्या रेषेवर पक्की घालायची नाही. बाजूंना दीड इंच मार्जिन ठेवा, आणि ट्रायलपुरते हाताने लांब कच्चे टाके घाला, तेही मापाच्या रेषेच्या थोडे बाहेर, मार्जिनमध्ये. बारीक सुई वापरा, अकरा नंबरची. ट्रायलमध्ये आत घ्यावं लागलं तर पक्की शिलाई आत जाते आणि कच्च्या टाक्यांची भोकं मार्जिनमध्ये लपतात. उलटं झालं तर लपत नाहीत. रेशमी ब्लाऊज ट्रायलशिवाय देणं म्हणूनच धोक्याचं: तो आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही.

तिसरं नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या सात ब्लाऊजसाठी ताईंनी आधीच्या दोन बायकांची कामं मागे ढकलली होती. त्या दोघींनी महिनाभर आधी कापड दिलं होतं. पुढच्या सणाला त्या आल्याच नाहीत. घाईचं गिऱ्हाईक लग्न झाल्यावर गावाला निघून गेलं, आणि शांतपणे वाट बघणाऱ्या दोघी पेठेतल्या होत्या.

आता या सराईचं. सोमवारी संध्याकाळी एक काकू मोठी पिशवी घेऊन आल्या. मुलीचं लग्न रविवारी, शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजन. आठ ब्लाऊज: नवरीचे दोन, पैठणीचा आणि शालूचा, प्रिन्सेस कट आणि पॅड लावून, उरलेले सहा आई, आत्या, मावश्यांचे साधे अस्तराचे. आधीच्या शिंप्याने आयत्या वेळी हात वर केले होते. काकूंचा दोष नव्हता, आणि नाही म्हणणं अवघड जातं ते अशाच वेळी.

ताईंनी पिशवी उघडायच्या आधी वही उघडली. कपडे शुक्रवारी संध्याकाळी हातात पडायला हवेत, म्हणजे मंगळवार ते शुक्रवार चार दिवस, रोज सहा तास, एकूण चोवीस. त्यातले वीस तास आधीच लागलेले: पाच साधे ब्लाऊज प्रत्येकी तीन तासांचे आणि एक पॅडचा पाच तासांचा. उरले चार. काकूंची ऑर्डर नवरीच्या दोनला दहा आणि बाकीच्या सहाला अठरा, म्हणजे अठ्ठावीस तासांची. शिवाय ते उरलेले चार तास मोकळे नव्हतेच, ते आधीच्या गिऱ्हाइकांच्या ट्रायलनंतरच्या दुरुस्तीचे होते. नवख्या माणसाला हे चार तास रिकामे दिसतात. वहीत ते ‘दुरुस्ती’ असं लिहून भरूनच टाका, म्हणजे मोह होणार नाही.

काकू म्हणाल्या, “ताई, शिलाई दुप्पट घ्या, पण नाही म्हणू नका. घरचं कार्य आहे.”

“काकू, पैशांचा प्रश्न नाही. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे वेळच नाही. अस्तर भिजवून वाळायलाच बुधवार उजाडेल. ट्रायल न घेता पैठणी शिवली आणि घट्ट झाली, तर सैल केल्यावर भोकं दिसतील. ते मी तुमच्या मुलीच्या अंगावर येऊ देणार नाही.”

“मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या ना तुमच्या ओळखीत.”

“हात दुसऱ्याचा आणि नाव माझं, असं नाही करत मी. पण दोन गोष्टी आत्ता करून देते.”

त्या दोन गोष्टी नीट बघा. पहिली, ताईंनी काकूंच्या सोबत आलेल्या नवरीची मापं घेतली आणि कागदावर लिहून दिली: छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची उंची, दंडघेर, पुढचा आणि मागचा गळा, ब्लाऊजची उंची. लग्नात जी आतली वस्त्रं घालणार आहे तीच घालून माप द्यायचं, हेही सांगितलं, कारण पॅड बदललं की छातीचं माप बदलतं. शिवाय दोन्ही रेशमी ब्लाऊज एका शिंप्याकडे द्या, साधे दुसऱ्याकडे, आणि रेशमीची ट्रायल गुरुवारच्या पुढे जाऊ देऊ नका, असं बजावलं. दुसरी गोष्ट, आत्या-मावश्यांसाठी तयार ब्लाऊज घ्यायला सुचवलं आणि त्यातल्या दोनच्या बाजू दाबून द्यायचं कबूल केलं. अर्ध्या तासाचं एक काम, दोनाचा एक तास. दुरुस्तीच्या चारातून तेवढाच निघत होता, म्हणून तिसरा घेतला नाही. तयार ब्लाऊजमध्ये मार्जिन बेताचं असतं, सैल करायची वेळ येऊ नये म्हणून एक साईज मोठाच आणा, हेही सांगायला त्या विसरल्या नाहीत.

कापड ठेवून घेतलं नाही, आगाऊ रक्कम घेतली नाही. नवशिक्यांनी हे पाठ करा. “ठेवून जा, उद्या सांगते” म्हटलं की गिऱ्हाइकाच्या लेखी ऑर्डर दिली गेली, आणि तुमच्या एका रात्रीच्या विचारात त्यांचा दुसरीकडे जायचा एक दिवस गेला. नाही म्हणायचं तर त्याच बैठकीत, पिशवी बंद असताना. कारण खरं आणि कामाचं द्या. तब्येत, लाईट, मशीन बिघडलं असल्या सबबी नकोत. लहान गावात त्या दुसऱ्या दिवशी उघड्या पडतात.

काकू नाराज होऊन गेल्या. नाराजी होणारच, त्याने खचू नका. गुरुवारी त्या दोन तयार ब्लाऊज घेऊन परत आल्या, कारण खरं कारण ऐकलेलं माणूस तोंड फिरवत नाही. आधीच्या सहा ब्लाऊजचं काम शुक्रवारी दुपारी पूर्ण झालं, आणि पेठेत बोललं गेलं ते त्याबद्दल: ताईंनी दिलेली तारीख पाळली जाते.

शॉर्टकटांबद्दल माझं मत कडक आहे. रात्र जागून शिवलेल्या ब्लाऊजच्या बाह्या सकाळी उलट्या लागलेल्या सापडतात. अर्ध्या तासात ब्लाऊज शिकवणारे व्हिडिओ कटिंग, हूक आणि हातशिलाई मोजतच नाहीत. “दारातलं गिऱ्हाईक परत पाठवू नकोस” असं शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांचा मान ठेवूनही सांगते, ती शिकवण चार कारागीर हाताखाली असलेल्या दुकानाची आहे, एका मशीनची नाही. मदतीला कुणी असेल तर हातशिलाई आणि हूक त्यांच्याकडे द्या, दर ब्लाऊजमागे साधारण अर्धा तास वाचतो. कटिंग आणि रेशमाची पक्की शिलाई मात्र देऊ नका.

सगळं घाईचं काम नाकारायचं असंही नाही. बिनअस्तराचा सुती ब्लाऊज, मापाचा जुना ब्लाऊज सोबत असेल तर, एका दिवसात निर्धास्त घ्या. आरीकामाचं मात्र उलट आहे. तिथे गळा आणि बाहीची रेघ आखून, न कापलेलं कापड फ्रेमवर चढतं, शिलाईच्या जागेत मणी येऊ नयेत म्हणून जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर मशीनची सुई मोडते. माप चुकलं तर नक्षीच चुकीच्या जागी बसते आणि ती हलवता येत नाही. अशी ऑर्डर आठवड्यावर आली तर हिशोब मांडायचीही गरज नाही.

ताईंनी आता दारामागे एक पुठ्ठा लावलाय. त्यावर लिहिलंय: लग्नाचे ब्लाऊज मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी, आरीकाम असेल तर सहा आठवडे आधी. पावतीवर ताई दोन तारखा लिहितात, ट्रायलची आणि देण्याची. ट्रायलची तारीख गिऱ्हाइकाने चुकवली तर देण्याची तारीख तेवढीच पुढे जाते, हे पावतीच्या खालच्या ओळीत लिहिलेलं असतं आणि पैसे घेण्याआधी ते वाचून दाखवलं जातं.