रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धारही बारीक झाली : प्रोस्टेट, शुगर की इन्फेक्शन हे कसं ओळखायचं

चोपडा तालुक्यात गेली बावीस वर्षं माझी लॅब आहे. साठीच्या पुढचा माणूस लघवी तपासायला आला की सोबतचा कोणीतरी हमखास म्हणतो, "काय नही रे भो, वय व्हयनं आते." दुसरा सांगतो पाणी कमी प्या, तिसरा सांगतो जवाचं पाणी प्या, आणि ज्याला आधीपासून शुगर आहे त्याला तर सगळेच सांगतात की शुगर वाढली असणार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या बाबतीत मीच हे ऐकत बसलो आणि त्यात आठ महिने वाया गेले, म्हणून आता जो येतो त्याला आधी घरी तीन दिवस लघवी मोजायला लावतो. ती कशी मोजायची आणि मोजून काय कळतं तेवढं इथे सांगतो.

आधी हे बघा

लघवी पूर्ण अडकली आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं, किंवा रात्री नकळत थेंबथेंब गळून अंथरूण ओलं व्हायला लागलं, तर मोजमाप राहू द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. शेवटच्या लक्षणाला लोक फार हलकं घेतात. लघवी गळतेय म्हणजे मोकळी होतेय असं वाटतं, पण बऱ्याचदा मूत्राशय काठोकाठ भरून वरून सांडत असतं, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि तोपर्यंत किडनीवर ताण आलेला असतो.

तीन दिवसांचं मोजमाप

अर्ध्या लिटरचा मापाचा प्लास्टिकचा जग घ्या, वही-पेन घ्या, मोरीत ठेवा. प्रत्येक वेळी जगात करायची, वेळ आणि मिली लिहायचे, ओतून द्यायचं. पाणी, चहा, ताक किती प्यायलं तेही लिहा. एवढंच.

पण चुका इथेच होतात. नानांची पहिली वही मी पूर्ण चुकवली होती.

पहिली चूक सकाळच्या लघवीची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी ही रात्रीची धरायची, कारण ती रात्रभर साठलेली असते. आणि रात्री झोपायच्या आधीची शेवटची लघवी दिवसाची. मी सकाळची दिवसात टाकली, त्यामुळे रात्रीचा आकडा कमी आला आणि वहीला काही अर्थच राहिला नाही.

दुसरी चूक आपल्या भागातली खास. नानांची केळी आहे, आणि ज्या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात ते मोटर चालू करायला दोनला उठायचे आणि उठलेच आहे तर लघवी करून यायचे. ते मोजमापात धरायचं नाही. लघवीच्या कळीने झोपेतून जाग आली तरच ते लघवीसाठी उठणं. म्हणून रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात हे करू नका, लग्नाच्या गर्दीत करू नका, आणि मे महिन्यात दिवसभर उन्हात काम असेल तेव्हाही नको कारण पाणी घामातून जातं आणि दिवसाचा आकडा खोटा कमी येतो.

तिसरी म्हणजे लाज. म्हातारा माणूस सुनेसमोर जग हातात घेऊन जाणार नाही. नाना दोन दिवस अंदाजे आकडे लिहीत होते, सगळीकडे दोनशे, दोनशे, दोनशे. मी विचारलं तेव्हा गप्प बसले. मग मी जग मागच्या गोठ्याजवळच्या मोरीत ठेवला, पेन सुतळीने खिळ्याला बांधला, बॅटरी टांगली, आणि म्हणालो नाना वही मी सोडून कोणी बघणार नाही. त्यानंतर खरे आकडे आले.

ती रात्र अशी होती. दहाला झोपले. पावणेबाराला ११० मिली, एक वीसला ९०, दोन पन्नासला १२०, सव्वाचारला ८०, आणि सहाला उठल्यावर १५०. रात्रीची बेरीज ५५०. चोवीस तासांची बेरीज १७५०. म्हणजे रात्रीचा वाटा साधारण ३१ टक्के.

आकड्यांचा अर्थ

दोन गोष्टी बघायच्या, एका वेळी किती होते आणि एकूण किती होते.

नानांची एका वेळची लघवी शंभर मिलीच्या आसपास. धडधाकट मूत्राशय तीनशे-चारशे मिली आरामात धरतं. एकूण लघवी मात्र नेहमीसारखी, पावणेदोन लिटर. म्हणजे शरीर जास्त लघवी तयार करत नव्हतं, झालेली लघवी मोकळी होत नव्हती. त्यात सुरू व्हायला वेळ लागायचा, धार पायाशीच पडायची, मध्येच थांबायची, आणि करून आल्यावर दहा मिनिटांत परत जावंसं वाटायचं. हे चित्र प्रोस्टेट वाढल्याचं. त्यांना नऊ वर्षांपासून शुगर होती म्हणून सगळ्यांनी शुगरला धरलं, गोळी वाढवली, आणि एका पहाटे शुगर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ७.१ होती. तेवढ्या शुगरने माणूस रात्रीतून चारदा उठत नाही, हे मला लॅबवाल्याला तरी कळायला पाहिजे होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शुगरचं चित्र वेगळं असतं. धरणगावकडचे एक दुकानदार आले होते, एकसष्ट वर्षांचे, तेही रात्री तीनदा उठायचे पण प्रत्येक वेळी चारशे-साडेचारशे मिली, चोवीस तासांत चार लिटर, धार एकदम चांगली, आणि उशाशी पाण्याचा तांब्या. त्यांची उपाशीपोटीची शुगर २६८ निघाली. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते आणि सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त होते आणि म्हणून तहान लागते. अशा माणसाला पाणी कमी प्या म्हणणं म्हणजे त्याला कोरडं पाडणं आहे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात तर अजिबात नको.

अजून एक चित्र असतं जे या तिन्हीत बसत नाही. चोवीस तासांची लघवी नेहमीएवढीच, पण रात्रीचा वाटा जास्त. पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्याकडे बघावं लागतं. एक रिटायर एसटी ड्रायव्हर, १८०० पैकी ८५० रात्री, म्हणजे ४७ टक्के, आणि संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उठलेला. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीतून निघतं. त्यांना प्रोस्टेटची गोळी देऊन काही झालं नसतं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घ्यायचे, डॉक्टरांनी ती सकाळी करून दिली आणि हार्ट तपासायला सांगितलं.

इन्फेक्शन

हे सहसा अचानक येतं. चार दिवसांपूर्वी बरं होतं आणि आता जळजळ, वारंवार थोडी थोडी, वास, कधी ताप. वर्षभर हळूहळू वाढलेल्या त्रासाला इन्फेक्शन म्हणू नका. वयस्कर माणसात जळजळ नसतानाही इन्फेक्शन असू शकतं, म्हणून लघवीची साधी तपासणी सगळ्यांचीच करायची.

सॅम्पल कसं द्यायचं यात मी कोणाचं ऐकत नाही. पहिली धार सोडून मधली धार, लॅबच्याच डबीत, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. दोन गोळ्या खाऊन आलात तर कल्चरमध्ये जंतू उगवणारच नाही आणि रिपोर्ट खोटा चांगला येईल. गावाहून सकाळी भरलेली डबी मोटरसायकलच्या डिकीत टाकून दुपारी माझ्याकडे पोचते, बाहेर ४३ डिग्री, तोपर्यंत त्यात इतके जंतू वाढलेले असतात की मी ते सॅम्पल घेतच नाही. लॅबमध्ये येऊनच द्या.

आणि पुरुषाला इन्फेक्शन निघालं, सोबत धार बारीक आहे, तर गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून थांबू नका. मागे राहिलेल्या लघवीतच जंतू वाढतात. ती का राहते ते शोधलं नाही तर दोन महिन्यांनी परत तेच.

सोनोग्राफीला जाताना

इथे आमची दुसऱ्यांदा फसगत झाली. एका सेंटरवर नानांना पाणी पाजून पाजून दीड तास बसवून ठेवलं, ते कळवळायला लागले तेव्हा आत घेतलं. नंतर लघवी करायला सांगून परत बघितलं तर ३४० मिली मागे राहिलेली. ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले हे परत करा. मूत्राशय नको तेवढं ताणलं की ते नीट आवळत नाही आणि मागे राहणारी लघवी खोटी जास्त दिसते. दुसऱ्यांदा साधी, नेहमीसारखी लागली तेव्हा गेलो, निवांत करू दिली, लगेच बघितलं, १९० आली. हे पण कमी नाही, पन्नासच्या आत असली की चांगली म्हणतात, पण आधी औषध देऊन बघता येईल एवढी होती.

रिपोर्टमध्ये प्रोस्टेट किती ग्रॅम यावर घाबरू नका. तीस ग्रॅमवाल्याची लघवी अडकलेली मी बघितली आहे आणि सत्तर ग्रॅमवाला रात्रभर झोपणाराही बघितला आहे. मागे लघवी किती राहते आणि किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, किती हे आधी विचारा. प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी इन्फेक्शन चालू असताना करू नका, त्यात तो वाढलेलाच येतो आणि घरात कॅन्सरची रडारड होते. बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी करा.

डॉक्टरांकडे

वही, लघवीचा रिपोर्ट, शुगर, क्रिएटिनिन, सोनोग्राफी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. पाकिटं यासाठी की शुगरच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे लघवी वाढते आणि लघवीत साखर दिसणारच. आणि मेडिकलवरून सर्दीची गोळी मनाने घेऊ नका. तिच्यातल्या फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिनने वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी रात्रीतून पूर्ण बंद होऊ शकते, दर हिवाळ्यात नळी टाकून आलेला एखादा तरी मला दिसतो.

नानांना प्रोस्टेटची टॅमसुलोसिन ही गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात अंथरुणातून झटकन उठू नका, आधी काठावर बसा, असं सांगितलं होतं, कारण बीपी उतरून चक्कर येते. महिन्याने परत तीन दिवस वही लिहिली, रात्री दोनदा, १८० आणि २१०. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घातलं तेव्हा ही गोळी चालू आहे हे आम्ही डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं. या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. गोळी आता बंद केली असली तरी पूर्वी घेतली होती हे तिथे सांगायचंच.