नोकरी गेल्याचा मेल आलाय? उत्तर पाठवण्याआधी या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मित्राचा मेल आला. आम्ही दोघंही सांगलीचे, विश्रामबागेत एका गल्लीत वाढलेलो. पाचच ओळी होत्या. कंपनीनं अख्खी टीम बंद केली, शुक्रवार शेवटचा दिवस, मी ठीक आहे, लगेच फोन करू नका, सवडीनं बोलू.

मी दहा मिनिटांत उत्तर ठोकलं. ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’, मग लिंक्डइन अपडेट कर, आता एखादा कोर्स करून टाक, आणि खाली नोकरीच्या चार लिंक. त्यातली एक तर फ्रेशरसाठी होती, आणि हा तेव्हा चौदा वर्षं नोकरी केलेला माणूस. त्याचं उत्तर आलं, ‘थँक्स रे.’ पुढं तीन महिने एक फोन सोडला तर काही नाही.

मग दिवाळीत आयर्विन पुलाजवळ भेटला. भडंग खाता खाता म्हणाला, ‘त्या आठवड्यात सतराजणांनी उत्तर दिलं. पंधराजणांनी मला काय कर ते सांगितलं. मला तेवढंही कळत नसेल असं वाटलं का तुम्हाला?’ उरलेल्या दोघांपैकी एकानं फक्त विचारलं होतं, शनिवारच्या कोयनेनं येतोस का, स्टेशनवर गाडी घेऊन थांबतो. हा गेला होता त्याच्याकडं. पंधरांत मी होतो.

म्हणून पहिली चूक हीच धरा, घाईनं दिलेला सल्ला. तो आपण त्याच्यासाठी देतच नाही. वाईट बातमी वाचून आपल्याला जे अवघडल्यासारखं होतं, ते झटकायला देतो. मी आता मसुदा लिहितो, तासभर ठेवतो आणि ‘कर’, ‘बघ’, ‘घे’ असं जिथं जिथं लिहिलंय ते खोडतो. त्याऐवजी ‘मी करतो’ असं लिहिता येत असेल तरच ते वाक्य ठेवतो. ‘आईच्या मेडिक्लेमचं बघ’ हा सल्ला झाला. कंपनीची पॉलिसी सहसा नोकरीबरोबरच संपते, आणि त्यात म्हातारे आईवडील असले तर पोटात गोळा येतोच. ‘आईची वेगळी पॉलिसी कितीला पडेल ते दोन एजंटांना विचारून गुरुवारपर्यंत कळवतो’ ही मदत. पण हेही पहिल्या मेलमध्ये नको, दुसऱ्यात.

दुसरी चूक आपल्याकडची खास. बातमी फुटणं. मित्राचा तो मेल आला त्याच वेळी मी बायकोला सांगितलं, यात काय एवढं. ती मंडईत मेथी निवडत होती, शेजारी मित्राची आई. ‘काकू, काळजी करू नका, मिळेल त्याला दुसरी,’ असं ती चांगल्या मनानं बोलून गेली. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, ‘दुसरी काय?’ घरी सांगितलंच नव्हतं त्यानं. वडिलांची बायपास होऊन दीड महिना झाला होता, म्हणून थांबला होता. रात्री त्याचा फोन आला. ओरडला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या उत्तरात एक ओळ ठरलेली असते: ‘घरी कळलंय का? नसेल तर माझ्याकडून कुठं जाणार नाही.’ आणि मग खरंच कुणाला सांगत नाही, बायकोलाही.

बाकीच्या चुका एका दमात. सगळ्यांना मिळून आलेल्या मेलला रिप्लाय ऑल करू नका. ‘काढलं की सोडलीस?’ हे विचारू नका. तुमचा मेहुणा कसा सहा महिने घरी बसला होता ते त्याला ऐकायचं नाही. ‘काही लागलं तर सांग’ यानं मागायचं ओझं त्याच्यावरच पडतं, त्यापेक्षा वार आणि वेळ लिहा. पैसे देणार असाल तर आकडा लिहा, आणि तो खात्यात असेल तरच.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एकाचा असाच मेल आला, तेव्हा मी एवढंच पाठवलं:

‘गड्या, मेल वाचला. वाईट वाटलं. नऊ वर्षं तू तिथं किती राबलास ते मी बघितलंय. घरी कळलंय का? नसेल तर माझ्याकडून कुठं जाणार नाही. रविवारी सकाळी मी पुण्यात आहे, नऊला तुझ्या बिल्डिंगखाली येतो, नाश्ता करू. नको वाटलं तर नुसतं “नको” पाठव, कारण विचारणार नाही. तीस हजार माझ्याकडं पडून आहेत, वर्षभर मला लागणार नाहीत. या मेलला उत्तर द्यायची घाई नाही.’

‘नको’ असंच उत्तर आलं. तरी मी मोबाइलमध्ये तीन आठवड्यांनंतरची आठवण लावून ठेवली. पहिल्या आठवड्यात सगळेच लिहितात, नंतर इनबॉक्स कोरडा पडतो. एकविसाव्या दिवशी दोन ओळी टाकल्या, ‘पुढच्या रविवारी परत पुण्यात आहे. येऊ का?’

या वेळी उत्तर आलं, ‘ये. येताना भडंग आण, तिखट.’