गारपिटीचा इशारा आल्यावर: हरभरा, गहू आणि द्राक्षबागेत या चुका टाळा

फेब्रुवारीच्या अखेरीस निफाड-दिंडोरीकडच्या शिवारात तीन पिकं एकाच वेळी अडचणीत सापडू शकतात. हरभरा कापून पडलेला असतो, गहू दाणे भरत असतो आणि द्राक्षात साखर उतरलेली असते. समजा, बुधवारी दुपारी मोबाईलवर इशारा आला: उद्या जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह गारपिटीची शक्यता. तुमच्याकडे कापलेला वीस गुंठे हरभरा, एकरभर गहू आणि एकरभर थॉमसन आहे. मजूर मिळाले चार. आता काय करायचं?

पहिली चूक इथेच, इशारा वाचण्यात होते. 'तुरळक ठिकाणी' हे हवामान खात्याचं ठरलेलं माप आहे. जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी घडेल, असा त्याचा अर्थ. गारपीट तर पट्ट्यात पडते. एका गावात गारांचा खच आणि ओढ्यापलीकडे धूळसुद्धा भिजलेली नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून काही जण 'आपल्याकडे कुठे येतंय' म्हणून बसून राहतात आणि काही जण घाबरून कच्ची बाग तोडून टाकतात. दोन्हीत नुकसानच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ही वादळं बहुतेक दुपारनंतर, जमीन तापल्यावर उठतात. म्हणजे गुरुवारची सकाळ तुमच्या हातात आहे. तिथून पुढे दर तीन तासांपुरता येणारा तातडीचा इशारा बघत राहायचं. त्यात तुमच्या जिल्ह्याचं नाव दिसलं की रानातून बाहेर पडायचं.

चार मजुरांना आधी हरभऱ्यावर लावा. द्राक्ष महाग, मग हरभरा आधी का? कारण तो पूर्ण वाचवता येतो. उघड्या बागेवर गारा आल्या तर चार माणसं काहीच करू शकत नाहीत. कापलेला हरभरा मात्र अर्ध्या दिवसात सुरक्षित होतो.

पण तो झाकण्यातही चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे. आम्ही घाईघाईत ढीग केला, ताडपत्री टाकली, कडा मातीने दाबल्या. पाऊस आला तो थोडासाच. पण खालून पाणी शिरलं, वरून हवा कोंडली. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आत वाफ, घाटे काळे आणि कुबट वास. पावसाने केलं नसतं तेवढं नुकसान आमच्या ताडपत्रीने केलं. त्यानंतर शिकलो ते असं. ढीग शेतातल्या उंचवट्यावर लावायचा. खाली दगड मांडून त्यावर तुराट्या अंथरायच्या. पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि घाटे आत ठेवून सुडी रचायची, माथा निमुळता ठेवायचा म्हणजे पाणी ओघळतं. भोवती वीतभर खोल चर काढायची. ताडपत्री दोरीने घट्ट बांधायची, पण खालचा हातभर भाग मोकळा सोडायचा. पाऊस थांबून ऊन पडलं की ती काढायचीच. सुडीत कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊबदार लागलं तर लगेच फोडून पसरवा, वाट बघू नका. आणि आधीच भिजलेला माल कधीही झाकून ठेवू नका.

गव्हाबाबत थोडक्यात. इशारा आल्यावर पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते आणि वाऱ्याने गहू लोळतो. लोळलाच तर उभा करायच्या भानगडीत पडू नका, काड्या मोडतात. दाणा दाताखाली कट्ट वाजत असेल तर मात्र हार्वेस्टर मिळेल तिथून आणा. पिकलेला गहू ओंबीतच भिजत राहिला की दाण्याची चमक जाते आणि पाऊस लांबला तर कोंबही फुटतात.

आता बाग. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, हे आंब्यासारखं नाही. त्यामुळे साखर न उतरलेली बाग भीतीपोटी तोडली तर तो आंबट माल आंबटच राहतो. ज्या ओळीत माल तयार आहे, तेवढाच गुरुवारी सकाळी तोडा. बाकीच्या बागेचं ठिबक बंद ठेवा. वादळाच्या आदल्या संध्याकाळी बुरशीनाशक मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. काढणी आठ-दहा दिवसांवर असताना औषधाचा काढणीपूर्व कालावधी न बघता फवारलं तर रेसिड्यू राहतो आणि निर्यातीचा माल परत येतो. प्लॅस्टिक झाकणाचंही तसंच. सैल बांधलेलं प्लॅस्टिक वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि मांडवच ओढून नेतं. जाळी ढिली असेल तर तिच्या झोळात गारा साचून तारा वाकतात.

विजा चमकत असताना प्लॅस्टिक ओढायला बागेत जाणं ही तर सगळ्यात वाईट चूक. बागेत डोक्यावर लोखंडी अँगल आणि तारा असतात, वीज त्यातून लांबवर धावते. घड जाऊ देत.

पाऊस पडून गेल्यावर मण्यांवर पाणी साचून राहतं, सालीतून आत शिरतं आणि मणी तडकतात. म्हणून पहिलं काम पाणी उतरवणं. तारा हलवा, ब्लोअर औषधाविना नुसताच फिरवा. तडकलेले मणी एक-दोन दिवसांत आंबट वास सोडतात, चिलटं येतात आणि शेजारचे चांगले मणीही जातात. ते कात्रीने काढा, मात्र घड कोरडा झाल्यावर. ओला घड क्रेटमध्ये भरला तर सड वाटेतच सुरू होते. गारांनी काड्या सोलल्या असतील तर घाईने छाटू नका. त्या एप्रिलच्या खरड छाटणीत जाणारच आहेत. गारपिटीनंतर दोन दिवसांत दारात येणाऱ्या टॉनिकवाल्याला मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

पहिला फटका गेला की सगळं उघडून मोकळं व्हायची घाई करू नका. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात वेगवेगळ्या भागांत गारा पुन्हा पुन्हा पडत राहिल्या.

शेवटी भरपाई. साफसफाईआधी फोटो काढा: पडलेल्या गारा, सोललेली काडी, आणि मागे तुमची विहीर किंवा घर दिसेल असा एक लांबून. मग तलाठी आणि कृषी सहायकाला कळवा. सरकारी मदतीसाठी पंचनाम्यात नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं. खरीप २०२५ पासून राज्यात पीकविम्याची पद्धत बदलली. भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे हरभरा-गव्हासाठी जुन्या ७२ तासांच्या सूचनेवर विसंबू नका. फळबागेच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर मात्र ७२ तासांची मुदत चुकवू नका, पावती शोधून ठेवा. आणि ई-पीक पाहणी झालीय का, ते आजच बघा. सातबाऱ्यावर द्राक्षाऐवजी कोरी जागा असेल तर पंचनामा करायला आलेला माणूस तिथेच अडतो.