मायक्रोवेव्ह स्टार्टच होत नव्हता, माझा अनुभव

डिस्प्ले चालू, आकडे दाबले की बीप पण येतो, फक्त स्टार्ट दाबलं की काहीच नाही, त्यामुळे आधी कीपॅडच गेला असं वाटतं. पण दार लावल्यावरही आतला दिवा जळतच राहत होता, म्हणजे दार बंद झालंय हे मशीनला कळतच नव्हतं.

प्लग काढून कव्हर उघडलं (कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहतो, डिस्चार्ज करता येत नसेल तर कृपया हात घालू नका). दार बंद झाल्याचं मशीनला सांगणारे, लॅचमागचे मायक्रोस्विच वायर काढून मल्टिमीटरवर चेक केले तर एक दाबला की टिक वाजायचा पण कंटिन्युइटी शून्य, आतले कॉन्टॅक्ट जळलेले.

पुण्याच्या तापकीर गल्लीत तसाच १६ अँपिअरचा स्विच मिळाला. घेताना जुना सोबत न्या, एनओ म्हणजे दाबल्यावर जोडणारा, एनसी म्हणजे दाबल्यावर तोडणारा; एनओच्या जागी एनसी बसवला तर फ्यूजही उडू शकतो.