गावं निवडण्यापूर्वी: क्लस्टर पाहणीची तयारी

सगळ्यात आधी कागदावर एकच प्रश्न लिहून काढा: ही पाहणी नेमकं काय मोजणार आहे? घरात नळाचं पाणी येतं का, हे मोजायचं असेल तर तयारी एक आणि गेल्या पंधरवड्यात लहान मुलाला ताप आला होता का, हे मोजायचं असेल तर दुसरी. दोन्हीकडे 600 कुटुंबंच गाठणार असलात तरीही. कारण असं की क्लस्टर पद्धतीत आपण कुटुंबं थेट निवडत नाही. आधी गावं निवडतो आणि मग त्या गावांतली कुटुंबं. आणि एका गावातली कुटुंबं बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखी असतात.

नळाचंच घ्या. गावात नळयोजना आली की बहुतेक घरांत पाणी येतं, नसली की कुणाकडेच येत नाही. अशा गावात वीस घरं घेतली, तर पहिल्या तीन-चार घरांतच उत्तर कळून चुकतं. पुढची सोळा घरं प्रामाणिकपणे भरलेले सोळा फॉर्म देतात, नवी माहिती मात्र जेमतेम. साध्या यादृच्छिक निवडीत तीच 600 कुटुंबं शेकडो गावांत विखुरली असती आणि जवळजवळ प्रत्येक घर काहीतरी नवं सांगून गेलं असतं. क्लस्टरचा नेमकेपणा कमी पडतो तो इथे. फॉर्म तितकेच, पण स्वतंत्र माहिती कमी.

ही घट किती, ते आधीच मोजून ठेवा. सूत्र लहान आहे:

```
deff = 1 + (m - 1) × rho
```

`m` म्हणजे एका गावातून घेतलेली कुटुंबं आणि `rho` म्हणजे गावातल्या गावात असलेलं साधर्म्य. साधर्म्य मुळीच नसेल तर 0, अख्खं गाव एकाच साच्यातलं असेल तर 1. `deff` म्हणजे डिझाइन इफेक्ट. साध्या यादृच्छिक निवडीच्या तुलनेत उत्तराचं प्रचरण, म्हणजे नमुन्यागणिक होणारा चढउतार, किती पट वाढलं, ते तो सांगतो. समजा 30 गावं आणि प्रत्येक गावात 20 कुटुंबं ठरवली, आणि नळासाठी `rho` 0.3 धरला. मग `deff` येतो 1 + 19 × 0.3, म्हणजे 6.7. आपली 600 कुटुंबं साध्या यादृच्छिक निवडीतल्या सुमारे 90 कुटुंबांइतकंच काम करतात. खरं प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास असेल, तर 95 टक्के विश्वासाची मर्यादा 4 टक्क्यांऐवजी 10 टक्के इकडे-तिकडे जाते. तापासाठी `rho` 0.05 धरला तर `deff` 1.95 येतो. त्याच प्रमाणाला हीच मर्यादा 5.6 टक्क्यांवर राहते. गावं तीच, घरं तीच, फरक फक्त प्रश्नाचा.

म्हणून पुढचा निर्णय कुटुंबं वाढवण्याचा नाही, गावं वाढवण्याचा. तीच 600 कुटुंबं 60 गावांत प्रत्येकी 10 अशी वाटली, तर नळासाठी `deff` 3.7 वर उतरतो आणि मर्यादा 7.7 टक्क्यांवर. याउलट 30 गावं तशीच ठेवून प्रत्येकी 40 घरं केलीत तर काम दुप्पट होईल, आणि मर्यादा 10 टक्क्यांच्या आसपासच घुटमळेल. पैसे देणाऱ्यांना ‘1200 कुटुंबं’ हा आकडा फार आवडतो. तरी हे गणित त्यांच्यासमोर ठेवाच. अर्थात प्रत्येक नव्या गावाला प्रवास, परवानगी आणि घरयादी यांचा खर्च लागतो, त्यामुळे गावं हवी तितकी वाढवता येत नाहीत. क्लस्टर पद्धत वापरतात तीच या खर्चापोटी. शिवाय सगळ्या कुटुंबांची एकत्र यादी सहसा कुठेच नसते, गावांची मात्र मिळते.

`rho` अंदाजाने धरू नये. त्याच विषयावरच्या जुन्या पाहणीच्या अहवालात `deff` दिलेला असेल तर त्यातून `rho` काढता येतो: `deff` मधून 1 वजा करायचा आणि `m - 1` ने भागायचं. तिथे दर गावी 25 कुटुंबं आणि `deff` 4 असेल, तर `rho` होतो 0.125. जुना `deff` जसाच्या तसा उचलू नका, कारण तुमची दर गावची कुटुंबसंख्या वेगळी असेल.

आता गावांची यादी. प्रत्येक गावापुढे कुटुंबसंख्या हवी. यादी भागानुसार लावून घेतलीत तर निवड आपोआप सगळीकडे पसरते. मग संख्यांची चढती बेरीज करा. एकूण 24,000 कुटुंबांतून 30 गावं हवीत, तर अंतर 800. 1 ते 800 मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा 347 आला. मग 347, 1147, 1947 असं पुढे जात, प्रत्येक आकडा ज्या गावाच्या वाट्यात पडेल ते गाव घ्या. मोठ्या गावाला मोठी संधी मिळते, पण प्रत्येक गावातून 20 च कुटुंबं घेतल्यामुळे प्रत्येक कुटुंबाची संधी शेवटी सारखीच, 40 त 1, राहते. 800 हून मोठं गाव दोनदा येऊ शकतं. तेव्हा तिथून दोन वेगळे गट घ्यायचे, एक गाळायचा नाही.

गावात पोचल्यावर घरयादी नव्याने करावी. इथे घाई केली की सगळं बिघडतं. यादीत 200 कुटुंबं असलेल्या गावात प्रत्यक्षात 250 निघाली, तर 20 घेतल्यावर तिथल्या कुटुंबाची संधी 50 त 1 होते. म्हणून त्यांचा भार, म्हणजे एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजलं जातं तो आकडा, 40 ऐवजी 50 लिहा, नाहीतर 25 कुटुंबं घ्या. दोन्ही चालतं, पण कोणतं करायचं ते निघण्याआधी ठरलेलं हवं. घरं यादीतूनच काढावीत. एका घरापासून सुरुवात करून शेजारची सलग वीस घेतली तर एकाच वस्तीत अडकायला होतं आणि साधर्म्य आणखी वाढतं. बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेऊ नका. वेळ बदलून परत जाण्यासाठी फेऱ्या वेळापत्रकातच धरा, नाहीतर दिवसभर कामावर असणारी माणसं पाहणीतून हळूच गळून जातील.

क्लस्टर पद्धत दर वेळी तोट्याचीच असते असं नाही. गटातली माणसं एकमेकांपासून वेगळी असतील, तर `rho` ऋणही होतो. कुटुंब हाच गट धरून स्त्री-पुरुष प्रमाण मोजलं, तर असं होऊ शकतं, कारण बहुतेक घरांत दोन्ही असतात. गावांच्या बाबतीत मात्र हे क्वचितच घडतं.

शेवटची तयारी फाइलची. प्रत्येक ओळीत गावाचा कोड आणि भार असे दोन रकाने हवेतच. ज्या गावात दोन गट पडले तिथे प्रत्येक गटाला वेगळा कोड द्या. पाहणीला निघण्याआधी खोट्या माहितीवर विश्लेषण चालवून बघा. आर मध्ये एवढंच पुरतं:

```
library(survey)
d <- svydesign(ids = ~gaav, weights = ~bhaar, data = pahani)
svymean(~nal, d, deff = "replace")
```

`ids` मध्ये गावाऐवजी कुटुंबाचा क्रमांक गेला तरी प्रोग्राम तक्रार करत नाही. छान अरुंद मर्यादा छापून देतो. खरी माहिती हाती आल्यावर नळासारख्या प्रश्नाचा `deff` 1 च्या आसपास दिसला, तर आनंद मानण्याआधी तो रकाना तपासा.