अनुदानाच्या मार्गदर्शक सूचनांचा सारांश करताना: जोडपत्रे यादीबाहेरही असतात

गेल्या वर्षी कोल्हापुरातील चप्पल कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या संस्थेने एका योजनेत अर्ज केला होता. सत्तेचाळीस पानांच्या मार्गदर्शक सूचनांचा चार पानी सारांश मीच तयार केला होता आणि विश्वस्तांनी त्यावर विसंबून कागद गोळा केले. अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत आला. शेवटच्या परिशिष्टात दिलेल्या अकरा जोडपत्रांपैकी एकही कमी नव्हते; कमी होते ते बारावे, ज्याचा उल्लेख फक्त खर्चाच्या प्रकरणात, तक्त्याखालच्या एका बारीक टिपेत होता. या वर्षी पुन्हा तयारी करताना पुढील क्रम मी स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी लिहून ठेवत आहे.

दस्तऐवज छापून घ्यावा. संगणकावर शब्द शोधण्यावर भिस्त ठेवू नये, कारण अनेक सूचनापत्रे स्कॅन केलेली किंवा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात आणि तेथे शोधाला काहीच सापडत नाही. पानावर डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द आधी शोधून पाहावा. तो मिळाला नाही, तर संपूर्ण वाचन हाच मार्ग उरतो. सारांशातील प्रत्येक ओळीपुढे मूळ कलम क्रमांक आणि पान लिहावे.

पात्रतेच्या भागात संस्थेची नोंदणी, कार्यक्षेत्र आणि अनुभव हे सर्वांच्याच लक्षात येते. चूक होते ती तारखेत. ‘नोंदणीला तीन वर्षे पूर्ण’ म्हणजे जाहिरातीच्या दिवशी की अर्जाच्या अंतिम दिवशी, हे कलमात शोधून तसेच उतरवावे. ‘असणे आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ यांची सरमिसळ करू नये, आणि ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ तर चुकूनही लिहू नये. यापुढची गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची आहे: पात्रतेच्या प्रत्येक अटीपुढे ‘पुरावा कोणता?’ असा रकाना ठेवून तो लगेच भरावा. ‘संस्था काळ्या यादीत नसावी’ ही अट वाचून पुढे गेलो, तर त्यासाठी लागणारे प्रतिज्ञापत्र यादीत येत नाही.

मान्य खर्चाच्या भागात अमान्य बाबी, प्रशासकीय खर्चाची मर्यादा आणि संस्थेचा स्वतःचा हिस्सा या तिन्ही गोष्टी मूळ शब्दांत उतरवाव्यात. हिश्श्याची टक्केवारी कशावर, हे विशेष जपून पाहावे. आमचा प्रकल्प 8 लाखांचा होता. 25 टक्के हिस्सा एकूण खर्चावर धरला, तर संस्थेचे 2 लाख आणि अनुदानाचे 6 लाख होतात. तोच हिस्सा अनुदानाच्या रकमेवर धरला, तर संस्थेचे 1 लाख 60 हजार आणि अनुदानाचे 6 लाख 40 हजार होतात. ही आकडेमोड आम्ही बरोबर केली होती. त्याच तक्त्याखाली ‘हिश्श्याची रक्कम उपलब्ध असल्याचा बँकेचा दाखला सोबत जोडावा’ असे लिहिले होते. ते मी वाचले, पण खर्चाची टीप म्हणून तेथेच सोडून दिले. तेच आमचे बारावे जोडपत्र. शिवाजी उद्यमनगरातून आणलेली शिलाई यंत्रांची तीन दरपत्रके, विश्वस्तांची मेहनत, सारे त्या एका कागदापायी वाया गेले.

म्हणून जोडपत्रांची यादी परिशिष्टावरून उतरवू नये. पहिल्या पानापासून पुन्हा वाचत ‘जोडावे’, ‘सादर करावे’, ‘प्रमाणित प्रत’, ‘दाखला’, ‘ठराव’ असे शब्द जेथे येतील तेथे लाल खूण करावी आणि मग परिशिष्टाशी ताळा घ्यावा. तळटिपा, तक्त्यांखालील टिपा, व्याख्या, अर्जाच्या नमुन्यातील कंसातील मजकूर, यांपैकी काहीही वगळू नये. खुणा परिशिष्टापेक्षा जास्त निघाल्या, तर आपलेच चुकले असे समजू नये. ती जास्तीची जोडपत्रेच शोधायची आहेत. हे वाचन सारांश न लिहिलेल्या दुसऱ्या माणसानेही करावे, कारण लिहिणाऱ्याची नजर स्वतःच्या यादीवरूनच फिरते.

प्रत्येक जोडपत्रापुढे ते कोण देणार, कोणत्या तारखेचे चालेल आणि मूळ हवे की प्रत, हे लिहावे. सनदी लेखापालांच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा अक्षरे आणि अंक मिळून 18 चिन्हांचा ओळख क्रमांक, आहे का, हे कागद हातात घेतानाच तपासावे. अधिकृत स्वाक्षरीसाठी ठराव लागत असेल, तर विश्वस्तांच्या सभेची तारीख आजच ठरवावी.

सादरीकरणाचे टप्पे थोडक्यात उतरवले तरी पुरे: ऑनलाइन की टपालाने की दोन्ही, फाइलचा आकार, पोच कशी मिळते, अंतिम वेळ. शुद्धिपत्रक निघाले आहे का, हे अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी पाहावे, आणि निघाले असेल तर त्यातही ‘जोडावे’ हा शब्द शोधावा.